खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे

बारावीपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी बीएस्सीपर्यंत, आपल्याकडे दोन वह्या असतात. एक रफ आणि एक फेअर. टायट्रेशन करताना आकडे रफवर टिपायचे, नाहीतर हाताला लागेल त्या कागदावर. मग घरी बसून ते जर्नलात सुवाच्य अक्षरात उतरवायचे. सही मिळाली की रफचा कागद कचऱ्यात जातो. पहिल्यांदा स्वतःचा प्रकल्प हाती घेणाऱ्या मुलामुलींची हीच सवय मला सगळ्यात आधी मोडावी लागते. प्रकल्पाला फेअर वही नसते. वही एकच असते, तिच्यात आकडा एकदाच आणि घडला त्या मिनिटाला लिहायचा असतो, आणि पुढचा अहवाल त्याच पानांतून उभा राहतो. सुबक दिसायचं काम अहवालाचं आहे, वहीचं नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एकच काम धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊया. आमच्याकडे गोव्यात दर उन्हाळ्यात कुणीतरी विद्यार्थी विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड मोजायला घेतोच. कारण सरळ आहे. मांडवी-जुवारीच्या काठाला खाजनं आहेत, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली सखल शेतं. बांधात मानस असते, पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार. मे महिन्यात नदीचं गोडं पाणी कमी होतं, खाडीचं खारं पाणी आतवर चढतं, आणि बांधाजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ लागू लागतं. ते किती खारं झालं हे क्लोराइडवरून कळतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे तुमच्या वहीतला आकडा २५० च्या अलीकडे पडतो की पलीकडे, यावर एखादं घर त्या विहिरीचं पाणी पिणार की नाही हे ठरू शकतं.

वही हातात घेतल्यावर, पहिला आकडा लिहायच्या आधी

पक्क्या बांधणीची लाँगबुक घ्या. सुट्या कागदांची फाइल नको आणि स्पायरलही नको, कारण त्यातून पान गेलं तर कुणालाच कळत नाही. पहिल्याच दिवशी बसून सगळ्या पानांना हाताने क्रमांक घाला, शेवटच्या पानापर्यंत. पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. ती रोज भरायची: तारीख, काय केलं, पान कोणतं. तीन महिन्यांनी अहवाल लिहिताना या दोन पानांचं मोल कळतं.

पेन साधं बॉलपेन. पेन्सिल नको, कारण ती खोडता येते. जेल पेनही नको, कारण आपल्याकडच्या पावसात, ओल्या हातांनी पान उलटताना जेलची शाई पसरते. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पानावर पडला तर तो भाग काळपट होतो. त्याला घाबरू नका, पान बदलू नका, शेजारी लिहा: ‘सिल्व्हर नायट्रेटचा डाग’.

रोजचं लिखाण संपलं की पानाच्या उरलेल्या कोऱ्या भागावर तिरकी रेघ मारून सही आणि तारीख घालायची. त्यामुळे नंतर तिथे काही घुसडता येत नाही. मुलांना हा अविश्वास वाटतो. पण ही रेघ तुमच्याच बाजूने साक्ष देते, की वर लिहिलंय ते त्याच दिवशी लिहिलंय.

विहिरीपाशी

नमुना घेताना वही सोबत न्यायची. ‘नंतर लिहीन’ म्हणून फोनमध्ये टिपलेल्या गोष्टी अर्ध्याच वहीत पोचतात. एका विद्यार्थिनीच्या वहीतलं २४ मे २०२४ च्या सकाळच्या नोंदीचं पान असं होतं (गावाचं नाव मी इथे गाळलंय, वहीत ते असतं):

‘पान ३१. शुक्रवार, २४ मे २०२४. बुद्ध पौर्णिमेचा दुसरा दिवस, उधाणाची भरती. आकाश ढगाळ, रात्री पाऊस नाही. विहीर क: डोंगराच्या पायथ्याला, जांभ्यात खोदलेली, कठड्यापासून पाणी ५.२ मी. खाली. वेळ ७.१०. विद्युतवाहकता ६१०. पीएच ६.१. विहीर ख: खाजनाच्या बांधापासून सुमारे ४० पावलं, पाणी १.८ मी. खाली. वेळ ७.५०. वाहकता १६५०. पीएच ६.४. वाहकता दोन्हीकडे मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये, मीटर सकाळी ६.३० ला १४१३ च्या प्रमाण द्रावणावर तपासला. बाटल्या त्या त्या विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळल्या. घरमालकीण म्हणाल्या, ख चं पाणी दोन आठवड्यांपासून चहाला चालत नाही.’

इथे नुसती तारीख पुरली नसती. भरतीचा दिवस लिहिला, कारण हीच विहीर भांगाच्या भरतीला वेगळं वागेल. शक्य असेल तर मुरगाव बंदराच्या भरती-तक्त्यातली त्या दिवसाची वेळही उतरवून घ्या. ‘सुमारे ४० पावलं’ असं लिहिलंय, कारण टेप नेली नव्हती. पावलं मोजली तर पावलंच लिहायची, त्यांचे ‘३० मीटर’ करून टाकायचे नाहीत. घरमालकिणीचं वाक्य विदा म्हणून मोजायचं नसतं, पण पुढे आकडा विचित्र आला तेव्हा ते कामाला आलं. वाहकतेचंही तसंच. ती दोन मिनिटांत मोजून होते, आणि पुढच्या चुकीला तिनेच पकडलं. ते ओघाने येईलच.

टेबलापाशी: वजाबाकी नको, वाचन लिहा

क्लोराइड आम्ही मोर यांच्या पद्धतीने मोजतो. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालायचे, पाणी पिवळं होतं. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. क्लोराइड आहे तोवर पांढरा साका पडत राहतो. ते संपलं की चांदी क्रोमेटशी जुळते आणि पिवळ्यावर विटकरी झाक येते. ती पहिली टिकाऊ झाक म्हणजे शेवटचा बिंदू.

आमच्याकडची एक अडचण पुस्तकात ठळकपणे लिहिलेली नसते. ही पद्धत पीएच ७ ते १० मध्ये चालते, आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेकदा त्याहून आम्ल असतं. आम्ल पाण्यात क्रोमेटचं रूप बदलतं, विटकरी रंग उशिरा येतो आणि क्लोराइड असतं त्याहून जास्त दिसतं. म्हणून चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच वर आणावा लागतो. हे केलं तर वहीत आलं पाहिजे: ‘क ला बायकार्बोनेट घातलं, पीएच ६.१ वरून ७.८. ख ला घातलं, ६.४ वरून ७.९.’ पुढे अहवालाच्या ‘पद्धत’ भागात हे वाक्य जसंच्या तसं जातं. ते नसेल तर वाचणारा समजेल की तुम्ही आम्ल पाणीच तपासलं, आणि तसं समजण्यात त्याचं काही चुकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ब्युरेटचं सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही वाचनं लिहायची. वजाबाकी तिसऱ्या रकान्यात. मुलं थेट ‘१४.६’ लिहितात, कारण ब्युरेट शून्यापासूनच सुरू केलं होतं असं त्यांना आठवतं. पण ते शून्यावर होतं की ०.२ वर, हे आठवून सांगता येत नाही, आणि ते दुसरीकडे कुठे लिहिलेलंही नसतं.

२५ मे, शनिवारचं काम पान ३२ पासून सुरू होतं. आधी सिल्व्हर नायट्रेटची नेमकी ताकद काढली. सोडियम क्लोराइड ०.२०६३ ग्रॅम २५० मिलीत विरघळवलं, त्याची नॉर्मॅलिटी ०.०१४१२ आली. त्यातल्या २० मिलीला, ब्लँक वजा जाऊन, सिल्व्हर नायट्रेट २०.४ मिली लागलं. म्हणजे सिल्व्हर नायट्रेट ०.०१३८४ नॉर्मल. बाटलीवरच्या चिठ्ठीवर ०.०१४१ होतं. वहीत दोन्ही आकडे राहिले, आणि कोणता वापरला तेही लिहिलं. ब्लँक, म्हणजे ५० मिली डिस्टिल्ड पाण्याला रंग येईपर्यंत लागलेलं सिल्व्हर नायट्रेट, ०.२ मिली.

मग विहीर क, पान ३३. नमुना ५० मिली. पहिलं वाचन ०.१ ते १५.६, फरक १५.५. दुसरं ०.२ ते १४.८, फरक १४.६. तिसरं ०.० ते १४.६, फरक १४.६.

मग विहीर ख, पान ३४. नमुना ५० मिली घेतला, पण २५ मिलीचं ब्युरेट रिकामं झालं तरी पाणी पिवळंच. तेही लिहिलं: ‘२५ मिली संपलं, बिंदू आला नाही, सोडून दिलं.’ मग १० मिली नमुना पिपेटने घेऊन डिस्टिल्ड पाण्याने ५० मिली केला. वाचनं: ०.० ते ९.१, फरक ९.१. आणि ९.१ ते १८.३, फरक ९.२.

या दोन पानांवर आणि त्यांच्या हिशोबात प्रकल्पातल्या जवळजवळ सगळ्या प्रकारच्या चुका आहेत. त्या एकेक पाहू.

हात घसरला, पण पुरावा अजून समोर आहे

क च्या दुसऱ्या वाचनाला विद्यार्थिनीने शेवटचा आकडा १८.४ लिहिला. लिहिल्यावर तिने पुन्हा ब्युरेटकडे पाहिलं. तिथे १४.८ होतं. ती विचारायला लागली, “मॅडम, व्हाइटनर लावू?”

व्हाइटनर नाही, रबर नाही, आणि आठचा चार करायला त्यावर गिरवणंही नाही. १८.४ वर एकच सरळ रेघ, अशी की खालचा आकडा वाचता येईल. शेजारी, वर नाही, १४.८. त्यापुढे आद्याक्षरं, तारीख आणि तीन शब्द: ‘ब्युरेट पुन्हा पाहून’.

हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. दुरुस्ती कशाच्या आधारावर केली ते त्यात आहे. ब्युरेट अजून तसंच उभं होतं, म्हणून दुरुस्ती खरी. तिने ब्युरेट भरून टाकल्यावर ही शंका आली असती, तर १८.४ चा १४.८ करायचा हक्क तिला राहिला नसता, मग मनातून कितीही खात्री वाटो. तेव्हा लिहायचं, ‘१८.४ शंकास्पद, ब्युरेट भरून झालं होतं’, आणि वाचन नव्याने घ्यायचं. ५० मिली पाण्याचा आणि दहा मिनिटांचा प्रश्न असतो.

गिरवण्याबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. एमएस्सीला असताना मी एका वजनातल्या ३ वर ८ गिरवला होता. त्या क्षणी मला पक्कं ठाऊक होतं की ८ बरोबर. महिनाभराने हिशोब जुळेना आणि मी ते पान उघडलं, तेव्हा तिथे एक जाड काळा ठिपका होता, जो ३ ही होता आणि ८ ही. मीच लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं. त्या एका आकड्यापायी दोन दिवसांचं काम पुन्हा केलं.

वाचन वाईट, पण लिखाण बरोबर

क चं पहिलं वाचन १५.५, बाकीची दोन १४.६. इथे जर्नलची सवय जोरात वर येते. कॉलेजात पायलट रीडिंग, मग तीन वाचनं आणि शेवटी सी.बी.आर. लिहायचा असतो, आणि तीन सारखे आकडे आल्याशिवाय सही मिळत नाही अशी मुलांची समजूत असते. मग १५.५ चं १४.६ होतं, किंवा ती ओळच नाहीशी होते.

१५.५ ही चूक लिहिण्यातली नाही. ब्युरेट खरोखर १५.६ वर थांबलं होतं. म्हणून तिथे रेघ मारायची नाही. शेजारी त्याच वेळी लिहायचं: ‘थेंब भराभर गेले, रंग एकदम गडद विटकरी, बिंदू ओलांडला. सरासरीत घेणार नाही.’ ‘त्याच वेळी’ हे इथे नुसतं म्हणायला नाही. रंग गडद होता हे पाहणाऱ्यालाच आणि तेव्हाच ठाऊक असतं. हेच वाक्य पंधरा दिवसांनी लिहिलं, तर आकडा आवडला नाही म्हणून कारण शोधल्यासारखं होतं. कुणी तसं म्हटलं तर आपल्याकडे उत्तर नसतं.

आणखी एक करा. काम सुरू करण्याआधीच पानाच्या माथ्यावर नियम लिहा: ‘०.१ मिलीच्या आत जुळणाऱ्या दोन वाचनांची सरासरी घेणार.’ मग कोणतं वाचन ठेवायचं हे आकडा बघून ठरत नाही. ख ची वाचनं ९.१ आणि ९.२ आहेत, सारखी नाहीत. पण नियमात बसतात, म्हणून तिसऱ्याची गरज पडली नाही, आणि त्यांना सारखं करायचीही.

एखाद्या वाचनाला कारणच सापडत नसेल तर? ते ठेवायचं. ‘कारण कळलं नाही’ असं लिहायचं, चौथं-पाचवं वाचन घ्यायचं, आणि अहवालात पाचही सांगायचे.

चूक नंतर सापडते तेव्हा

ही चूक सगळ्यात अवघड, कारण तोवर पान मिटलेलं असतं, तिरकी रेघ मारून सही झालेली असते, आणि कदाचित आकडा कुणाला सांगूनही झालेला असतो.

हिशोबाचं सूत्र असं आहे: क्लोराइड (लिटरला मिलिग्रॅम) = (नमुन्याचे मिली − ब्लँकचे मिली) × नॉर्मॅलिटी × ३५४५० ÷ घेतलेल्या नमुन्याचे मिली. क साठी १४.६ मधून ०.२ गेले, १४.४ राहिले. त्यावरून १४१ मिलिग्रॅम. ख ची सरासरी ९.१५, ब्लँक जाऊन ८.९५. पान ३५ वर ख चं उत्तर लिहिलं होतं ८८ मिलिग्रॅम. विद्यार्थिनीला हायसं वाटलं, २५० च्या बरंच खाली.

१२ जूनला ती अहवालाचा तक्ता करत होती. वाहकता आणि क्लोराइड शेजारी शेजारी आल्यावर तिचा हात थांबला. क: वाहकता ६१०, क्लोराइड १४१. ख: वाहकता १६५०, क्लोराइड ८८. खाडीकाठच्या पाण्यात वाहकता वाढवणारं मुख्य मीठ सोडियम क्लोराइडच असतं. वाहकता जवळजवळ तिप्पट आणि क्लोराइड मात्र कमी, हे जुळत नाही. त्यात पान ३१ वर घरमालकिणीचं वाक्य होतंच, चहाला चालत नाही.

एक आकडा चुकलाय एवढं यातून कळतं, कोणता ते कळत नाही. म्हणून ती मागे गेली: ३५ वरून ३४ वर. तिथे स्पष्ट होतं, ‘१० मिली नमुना पिपेटने, ५० मिली केला’. हिशोब एक्सेलमध्ये केला होता, आणि तिथलं सूत्र असं होतं:

```
=(D7-$B$2)*$B$3*35450/$B$4
```

B2 मध्ये ब्लँक, B3 मध्ये नॉर्मॅलिटी, B4 मध्ये ५०. क साठी लिहिलेलं सूत्र खाली ओढलं, डॉलरच्या खुणेने ५० जागेवर अडकून राहिले, आणि ख चे १० मिली हिशोबात आलेच नाहीत. प्रत्येक ओळीला तिचं स्वतःचं नमुन्याचं माप हवं होतं:

```
=(D7-$B$2)*$B$3*35450/E7
```

आता ख चं उत्तर ४३९ मिलिग्रॅम. २५० च्या बरंच वर.

दुरुस्ती कशी करायची, ते नीट पाहा. पान ३५ वर जाऊन ८८ खोडून ४३९ लिहायचं नाही. ते पान २५ मे चं आहे, आणि २५ मे ला तिला ८८ च ठाऊक होते. नवी नोंद आजच्या पानावर, आजच्या तारखेने होते:

‘पान ४१. बुधवार, १२ जून २०२४. पान ३५ वरचं विहीर ख चं क्लोराइड ८८ चुकीचं आहे. नमुना १० मिली होता (पान ३४), हिशोबात ५० घेतला गेला. एक्सेलचं सूत्र चुकीचं ओढलं गेलं. दुरुस्त आकडा ४३९. मूळ वाचनं बदललेली नाहीत. क चा हिशोब पुन्हा तपासला, तिथे नमुना ५० मिलीच होता, १४१ कायम. लक्षात कसं आलं: वाहकतेशी जुळेना. जुनी फाइल chloride_2024-05-25.xlsx तशीच ठेवली, नवी chloride_2024-06-12_durusti.xlsx.’

आणि पान ३५ वर ८८ च्या शेजारी एवढंच: ‘चुकीचं, पान ४१ पाहा’, आद्याक्षरं, १२ जून. दोन्ही बाजूंनी बोट दाखवलेलं असावं, म्हणजे कुणीही कोणतंही पान आधी उघडलं तरी दुसऱ्यापर्यंत पोचेल. जुनी एक्सेल फाइल पुसू नका आणि तिच्यावरच सेव्हही करू नका. नव्या तारखेची नवी फाइल करा.

नोंदीतलं एक वाक्य सहज सुटतं: ‘क चा हिशोब पुन्हा तपासला’. चूक सापडली की तिच्या जातीची दुसरी चूक कुठे आहे का ते शोधायचं, आणि शोधलं हे लिहायचं. या प्रकल्पात पातळ केलेला नमुना एकच होता. दहा असते, तर दहाही ओळी तपासायच्या.

घरमालकिणीला आधी ८८ सांगितलं होतं का, हेही मी तिला विचारलं. सांगितलं होतं. विद्यार्थिनी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेली आणि पान ४१ ला आणखी एक ओळ जोडली: ‘सायं. ५.३० ला त्यांना दुरुस्त आकडा सांगितला.’

जे परत मिळवता येत नाही

पावसात बाटलीवरची चिठ्ठी धुऊन गेली आणि दोन बाटल्यांतली क कोणती, ख कोणती कळेना, असं झालं तर अंदाज बांधू नका. चव, रंग किंवा ‘ही डावीकडे ठेवली होती बहुतेक’ हा आधार नव्हे. वहीत लिहा: ‘चिठ्ठी गेली, ओळख पटत नाही, नमुने बाद.’ आणि परत जाऊन नवे नमुने घ्या, नव्या तारखेचे. क्लोराइडला पाणी टिकवायला कोणतंही रसायन घालावं लागत नाही, त्यामुळे हा त्रास फक्त जाण्यायेण्याचा. चिठ्ठी कागदी न लावता बाटलीवरच कायम टिकणाऱ्या मार्करने लिहिलं तर तोही वाचतो. आणि क्रोमेट व चांदी असलेलं वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या बरणीत साठवा, बरणीवरही तारीख.

वहीतून अहवाल

वही अशी ठेवली असेल तर अहवालाचं निम्मं लिखाण झालेलंच असतं. मी मुलांना आधी मजकूर लिहायला सांगत नाही. एक तक्ता करायला सांगते: अहवालात जाणारा प्रत्येक आकडा, आणि त्यापुढे वहीचं पान. क १४१: पान ३३, ३५. ख ४३९: पान ३४, ४१. नॉर्मॅलिटी ०.०१३८४: पान ३२. ज्या आकड्याला पान सापडत नाही तो अहवालात जात नाही, मग तो कितीही बरोबर वाटो.

‘पद्धत’ भाग म्हणजे पुस्तकातली पद्धत उतरवणं नव्हे. तुम्ही काय केलं ते भूतकाळात लिहा: ‘दोन्ही नमुन्यांचा पीएच ७ पेक्षा कमी असल्याने सोडियम बायकार्बोनेट घालून तो ७.८ ते ७.९ वर आणला. विहीर ख च्या नमुन्यात क्लोराइड जास्त असल्याने १० मिली नमुना डिस्टिल्ड पाण्याने ५० मिली करून टायट्रेशन केलं.’

‘निरीक्षणं’ भागात क ची तिन्ही वाचनं द्या आणि पहिलं का वगळलं ते एका वाक्यात सांगा. आकडे किती बारीक द्यायचे तेही वहीच सांगते. ब्युरेटवरचा ०.१ मिलीचा फरक ५० मिली नमुन्यात सुमारे १ मिलिग्रॅमचा पडतो, पण १० मिली नमुन्यात तोच सुमारे ५ मिलिग्रॅम होतो. कॅल्क्युलेटर ख साठी ४३९.१ दाखवतो, पण त्यातला दशांश लिहायचा आपल्याला हक्क नाही. ४३९ लिहा आणि ५ इकडेतिकडे असं सोबत सांगा.

दुरुस्तीचा उल्लेख अहवालात करायचा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. बाकावर हात घसरून झालेली १८.४ ची चूक अहवालात यायची गरज नाही, ती वहीत आहे. पण ८८ हा आकडा बाहेर गेला होता. म्हणून निष्कर्षाच्या आधी दोन ओळी: ‘विहीर ख साठी प्रथम ८८ मिलिग्रॅम हा आकडा काढण्यात आणि कळवण्यात आला होता. नमुना पातळ केल्याचं माप हिशोबात न धरल्याने तो चुकला. १२ जून २०२४ रोजी तो दुरुस्त केला, मूळ वाचनं तीच आहेत.’ परीक्षक गुण कापतील या भीतीने मुलं हे वाक्य गाळायला बघतात. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा आधी वही मागते, आणि ज्या वहीत एकही रेघ मारलेला आकडा नाही तिच्यापाशी जास्त वेळ थांबते.

निष्कर्षही वहीत आहे तेवढाच. ‘२४ मे च्या नमुन्यात विहीर ख चं क्लोराइड स्वीकार्य मर्यादेच्या वर होतं’ हे वाक्य टिकतं. ‘खाजनाचा बांध फुटल्याने विहीर खारट झाली’ हे टिकत नाही, कारण बांध कुणी तपासलाच नव्हता. पाऊस जोरात लागल्यावर ती पुन्हा दोन्ही विहिरींवर गेली. ती नोंद पान ४४ वर आहे, आणि तिची पहिली ओळ अशी: ‘ख साठी आज ५० आणि १० मिली, दोन्ही घेऊन पाहणार. माप रकान्यात लिहिणार.’